गहू सोडून काहीही

पौडच्या एसटी थांब्यावर नथू चहावाला एका गोऱ्या मुलीवर रुसला होता. त्याने तीनदा बशीत बिस्किटं ठेवली आणि तिन्ही वेळा तिने हात जोडून ती परत केली.

"घ्या की बाई. चहाबरूबर फुकाट हाय," नथू म्हणाला.

"नको. मी आभारी आहे," ती म्हणाली. मराठी स्वच्छ होतं, फक्त प्रत्येक शब्द जपून जमिनीवर ठेवल्यासारखा येत होता.

"आभारी कशापाई? खावा म्हंतुया मी."

शेजारच्या लोहाराकडे विळे पाजवायला आलेला जयसिंग हे सगळं ऐकत होता. कोळवण खोऱ्यात भात कापणीला आलं होतं आणि घरचे चारही विळे बोथट होते, म्हणून तो गुरुवारी पौडला आला होता. पाहुणीला घ्यायला यायचं होतं ते शुक्रवारी. पण बिस्किट नाकारणारी, पिवळ्या वेणीची, लोखंडी पेटीवर बसलेली मुलगी आणखी कोण असणार?

"नथू, राहू दे. त्यांना गहू चालत न्हाई," तो पुढे होत म्हणाला.

"बिस्किटात कुटला आला गहू?"

"मैदा गव्हाचाच असतुया."

मुलीने मान वर केली. डोळे निळे होते की करडे, हे जयसिंगला त्या वेळी ठरवता आलं नाही. पुढचे कितीतरी दिवस तो तेच ठरवत होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुम्ही आनेके. लायडनजवळचं खेडं, घरी चौदा गाई. त्यातली एक फार खोडकर, तिचं नाव क्लारा..." तो थांबला. "तुमचं पत्र मला पाठ आहे."

"तीनही पानं?"

"सहीसकट."

ती हसली. मग एकदम ओशाळली. "पण मी उद्या येणार होते. पुण्यात सांगितलं, आजची गाडी रिकामी आहे, म्हणून—"

"मग असं करू. आज आपण भेटलोच नाही असं समजा. मी उद्या पुन्हा येतो आणि पहिल्यांदाच बघितल्यासारखं करतो."

"आणि तोपर्यंत मी या पेटीवर बसू?"

"नाही... तेवढा धीर मलाच नाही," असं म्हणून त्याने पेटी उचलली आणि स्वतःच्या बोलण्याने कानापर्यंत लाल झाला. नथूने ती दोन बिस्किटं स्वतःच चहात बुडवून खाल्ली. त्याचा रुसवा तेवढ्यावर गेला.

आता त्या पत्राबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातूनच सुरू झालं.

ते अठ्ठावन्न साल होतं. परदेशातली शेतकऱ्यांची मुलं इथे येऊन सहा महिने शेतकऱ्याच्या घरात राहायची आणि इथली तिकडे जायची, अशी एका संस्थेची योजना होती. जयसिंगचे वडील हैबतराव ढमाले यांनी ग्रामसेवकाच्या भिडेखातर हो म्हटलं होतं. पण पाहुणी खरंच येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. भाद्रपदात इंग्रजी पत्र आलं आणि ते वाचणारा घरात एकटा जयसिंगच होता. तो पुण्याला राहून मॅट्रिक झालेला होता. त्याने ओटीवर बसून एकेक ओळ मराठीत सांगितली.

"प्रिय ढमाले कुटुंबीय," तिने लिहिलं होतं, "माझं नाव आनेके फिसर. वय एकवीस. संस्थेच्या वर्गात मी मराठी बोलायला शिकले आहे, लिहायला अजून नाही. मला गाईची धार काढता येते, सायकल चालवता येते आणि थोडं गाता येतं, पण कुणी ऐकत नसेल तरच. तुम्ही मला घरात घेत आहात याबद्दल मी आधीच आभार मानते, कारण पुढची गोष्ट वाचून तुम्ही कदाचित विचार बदलाल.

"मी गहू खाऊ शकत नाही. राय हे आमच्याकडचं धान्य आणि जव हेही नाही. ओटही आमचे डॉक्टर नको म्हणतात. लहानपणी मी सतत आजारी असे, पोट फुगलेलं आणि हातपाय काड्या. मग लढाईचा शेवटचा हिवाळा आला. पाव मिळेना. आम्ही ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सगळे वाळत होते आणि मी मात्र बरी होत होते! पाव परत आला तशी मी पुन्हा आजारी पडले. तेव्हा मुलांच्या एका डॉक्टरांना कळलं की माझ्या पोटाला गहूच सोसत नाही. हा संसर्गाचा आजार नाही. माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. औषधही नाही. फक्त गहू टाळायचा, आयुष्यभर.

"अगदी चिमूटभरही चालत नाही. गव्हाचं पीठ लागलेला हात, तेच जातं, तोच तवा, पुऱ्या तळलेलं तेल, एवढ्यानेही मी आजारी पडते. लगेच नाही, काही तासांनी किंवा दोन दिवसांनी. दुकानातल्या कुटलेल्या मसाल्यात कधी पीठ मिसळलेलं असतं, तेही विचारावं लागतं. तांदूळ, बटाटे, मका, डाळी, दूध, अंडी, भाज्या, फळं मला सगळं चालतं. गहू सोडून काहीही. तुमच्या गावात कोणतं धान्य खातात, ते कृपया मला कळवाल का? माझ्यासाठी वेगळं, महाग असं काही करू नका. तुमच्या रोजच्या जेवणात मी कुठे बसते तेवढं मला सांगा."

शेवटचं वाक्य जयसिंगने दोनदा वाचून दाखवलं. आपल्या रोजच्या जेवणात बसू बघणारी मुलगी त्याने कधी ऐकली नव्हती. त्याने त्याच दिवशी उत्तर लिहिलं, "आमच्या खोऱ्यात आंबेमोहोर तांदूळ आणि नाचणी पिकते. गहू सणालाच दिसतो. तुम्ही चुकून अगदी बरोबर घरी येत आहात."

मग तो तयारीला लागला. जात्याचा वरचा दगड उचलून दोन्ही दगड ब्रशाने घासले, धुतले, तीन उन्हं दाखवली. पहिल्यांदा त्यावर शेरभर तांदूळ दळून ते पीठ गुरांना घातलं. नवा तवा आणला, पीठ मळायला नवी काटवट आणली. पौडच्या वाण्याला गाठून एकेक मसाला विचारला. वाण्याने हिंगाचा खडा दाखवला आणि म्हणाला, "निव्वळ हिंग कोण घेतंय? यात डिंक आन् गव्हाचं पीठ मळल्यालं असतंय." त्या दिवसापासून घरातला हिंग बंद झाला. बिनहिंगाच्या आमटीपुढे हैबतरावांच्या मिश्या मात्र दुःखी दिसू लागल्या.

सगळं नीट झालं. एकच राहिलं. जयसिंगची आई रत्नाबाई हिने पत्र ऐकलं होतं, पण तिच्या रीतीने.

तिच्या हिशेबी पाहुणा 'नको'च म्हणतो. ती स्वतः बहिणीकडे गेली तर तीनदा नको म्हणायची आणि चौथ्या आग्रहाला जेवायची. पहिल्याच हाकेला पाटावर बसणाऱ्या बाईला या खोऱ्यात हावरी म्हणतात. आणि नको ऐकून गप बसणाऱ्या यजमानिणीला काय म्हणतात, ते न सांगितलेलंच बरं. पोरगी समुद्रापलीकडून येणार, ती गहू महाग म्हणून नको म्हणतेय, आजाराचं निमित्त काढतेय, किती गुणाची असेल! असं रत्नाबाईला वाटलं. तिने हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नाही.

आनेके आली आणि घरचीच झाली. पहाटे तिने कपिलेची धार काढली तेव्हा हैबतराव गोठ्याच्या दारात उभे राहून बघत राहिले. "हात चांगला हाय," एवढंच म्हणाले. घरात कौतुकाची ती शेवटची पायरी होती. जयसिंगची धाकटी बहीण जया तिच्या मागे-मागे फिरू लागली. रत्नाबाईने दुसऱ्याच दिवशी तिचं 'आनू' केलं.

आणि जयसिंग... तो भात कापताना बरोबर तिच्या शेजारचीच ओळ धरायचा.

"तुमची ओळ वाकडी चालली आहे," ती म्हणायची.

"ओळ सरळ आहे. बघणाऱ्याची मान वाकडी आहे."

"माझी?"

"नाही. माझीच."

ती खाली बघून कापत राहायची, आणि कापलेल्या आंबेमोहोराचा वास दोघांच्या मधे दरवळत राहायचा.

सोळाव्या दिवशी ती विळा हातात धरून बांधावर मटकन बसली. चेहरा पांढरा पडला होता.

"ऊन लागलं," ती म्हणाली.

"मार्गशीर्षात?"

तिने तोंड फिरवलं. जयसिंगने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने पत्र पाठ केलं होतं ते उगाच नाही. "पोट किती दिवसांपासून बिघडलंय?"

"आठ." मग हळूच, "सांगू नका घरात. तुमची आई माझ्यासाठी एवढं करते... मी विचारलं तर तिला वाटेल, मी संशय घेते."

"पण गहू येतोय कुठून?"

"मला नाही माहीत. मी फक्त एवढं जाणते की तो येतोय." तिने खिशातून एक छापील कार्ड काढलं. "दर पंधरवड्याला तब्येतीचं कार्ड संस्थेला पाठवायचं असतं. उद्या शनिवार. आजारी लिहिलं तर सोमवारी मोटार येईल आणि मला पुण्याच्या वसतिगृहात नेतील. नियम आहे. आणि खोटं... खोटं मला लिहिता येत नाही."

"सोमवारी?"

"मला जायचं नाही, जयसिंग."

तिने पहिल्यांदा त्याचं नाव असं एकटं उच्चारलं. त्या आनंदाला त्याच्याकडे त्या घडीला वेळ नव्हता. तो तडक घरी गेला. जातं तपासलं, तवा तपासला. तेलाची बुधली, मिठाची बरणी, गुळाची ढेप, सगळं हुंगलं. काही सापडलं नाही.

दुपारी पानं मांडली. हैबतराव, जयसिंग आणि आनेके जेवायला बसले. जयसिंगने नाचणीची भाकरी मोडली. ती कडेला चिरलेली होती, जशी असते तशी, आणि कट्‌कन तुटली. इतके दिवस तो तिच्या चेहऱ्याकडेच बघत होता; आज पहिल्यांदा त्याची नजर आनेकेच्या ताटाकडे गेली. ती भाकरीची घडी घालून आमटीत बुडवत होती. घडी! भाकरी मऊ रुमालासारखी दुमडत होती आणि कडेला एक चीर नव्हती.

नाचणी अशी दुमडत नाही. दुमडतो तो गहू.

"आनेके, थांबा," तो म्हणाला. "आई, तिची भाकरी वेगळी का?"

रत्नाबाई चुलीपाशी होती. वळलीसुद्धा नाही. "येगळी कशी आसंल? जरा मऊ केलिया."

"कशानं मऊ केलीस?"

"मूठभर गव्हाचं पीठ घातलंय. शेजारच्या धोंडाबाईच्या जात्यावर दळून आणलंया, आपल्या न्हाई." आवाजात अजूनही जरा अभिमानच होता. "समुद्रापल्याडनं पाव्हणी आलीया. तिला काळी, चिराळलेली भाकर वाढू व्हय? ती नकोच म्हणणार की. चांगल्या घरची पोर हाय. नको म्हणाली म्हणून न्हाई वाढलं, तर माझी काय अब्रू ऱ्हायली?"

जयसिंगने ताटावरून हात काढला. "आई, ती आठ दिस आजारी हाय. त्या मुठीपायी."

रत्नाबाईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. तिने आनेकेकडे पाहिलं, तिच्या गालांकडे, मनगटांकडे, जणू आज पहिल्यांदा बघत होती. "मग तू बोलली का न्हाईस, पोरी?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," आनेके म्हणाली.

दोघींनी एकमेकींचं मन जपलं होतं, आणि त्यात एकीच्या पोटाचं वाटोळं झालं होतं. रत्नाबाई खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून रडू लागली. "म्या इख घातलं पोरीला. माझ्या हातानं इख घातलं."

आनेके उठून तिच्याजवळ गेली आणि मातीतच बसली. "आई," ती म्हणाली. तोवर ती बाई म्हणत असे. "लढाईत आमच्याकडे एकेका पावासाठी माणसं भांडली. तुम्ही तुमच्या घरातलं सगळ्यात चांगलं होतं ते मला लपवून दिलंत. इतक्या मायेने मला कुणी आजारी पाडलेलं नाही. मी... मी आभारी आहे. पण आता पुन्हा नको. हे खरं नको आहे."

"खरं नको," रत्नाबाई पुटपुटली. मग नाक पुसून जयसिंगला म्हणाली, "ते कागूद आन. पुन्यांदा वाच, सावकाश. त्या येळंला म्या नुसतं कानांनी ऐकलं हुतं."

त्याने पुन्हा वाचलं. प्रत्येक वाक्यावर ती थांबवायची. चमचा एकच चालतो का? कणीक चाळलेली चाळण? सणाला पुरणपोळी केली तर पोळपाट? आनेके एकेक उत्तर देत गेली आणि रत्नाबाई बोटांवर धरत गेली. संध्याकाळपर्यंत घरातला गहू डब्यासकट धोंडाबाईकडे पोचला होता.

शनिवारच्या कार्डावर आनेकेने खरं तेच लिहिलं: आजारी होते, कारण सापडलं, ते घरातून गेलं, मला इथेच राहू द्यावं. कार्ड टाकायला जयसिंग निघाला तेव्हा रत्नाबाईने त्याला थांबवलं, काजळाच्या डबीत अंगठा बुडवला आणि सहीखाली उमटवला. "त्यास्नी म्हनावं, जिम्मा माझा."

सोमवारी मोटार आली. संस्थेचे सचिव स्वयंपाकघरात उकिडवे बसले आणि रत्नाबाईने त्यांना जातं, तवा, चाळण, बिनहिंगाच्या आमटीसकट सगळं दाखवलं. त्यांनी नाचणीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. जाताना ते म्हणाले, "पुण्याच्या वसतिगृहात इतकं कुणी बघणार नाही." मोटार रिकामीच परत गेली.

पंधरा दिवसांत आनेकेच्या गालांवर रंग आला. मग खळ्यावर मळणी झाली, पौष सरला, आंब्याला मोहोर आला, आणि बोलणं कधी तुम्हीवरून तूवर आलं ते दोघांनाही कळलं नाही. जयाला कळलं होतं. तिने ते गावभर न सांगण्याबद्दल दादाकडून दोन रिबिनी घेतल्या.

चैत्र संपता-संपता सहा महिने पुरे झाले. पौडच्या थांब्यावर तीच लोखंडी पेटी होती आणि तोच नथू होता. त्याने बशीत भाजलेले शेंगदाणे ठेवले. "ह्ये चालत्यात," तो म्हणाला. आनेकेने सगळे खाल्ले.

"आमच्याकडे..." जयसिंग म्हणाला आणि अडला. "आमच्याकडे लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकतात. तांदळाच्या असतात. म्हणजे... तुला चालतील."

तिने शेंगदाण्याचं साल बोटांनी चुरडलं. "हे तू विचारतो आहेस का?"

"विचारतोय. घाबरत घाबरत."

"तुझ्या घरात मी शिकले की नको म्हणजे नको. मग हो म्हणजे काय?"

"हो म्हणजे... हो."

गाडीने भोंगा दिला. ती पायरीवर चढली आणि मागे वळून म्हणाली, "महत्त्वाच्या गोष्टी मी पत्राने कळवते."

त्या पत्राने जयसिंगचा जीव खाल्ला. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. तो रोज पोस्टमनच्या वाटेवर काहीतरी काम काढायचा. एकाच बांधाला त्याने तिसऱ्यांदा माती लावली तेव्हा हैबतराव म्हणाले, "आता बांध पडंल." आषाढात एके दिवशी पाकीट आलं. ओटीवर सगळे बसले आणि जयसिंगने सांगायला सुरुवात केली.

"प्रिय ढमाले कुटुंबीय, माझं नाव आनेके फिसर. वय बावीस. मला गाईची धार काढता येते, भात कापता येतो, ओळ सरळ ठेवता येते. तुमच्या घरी राहायला यावं अशी माझी इच्छा आहे. या वेळी सहा महिन्यांसाठी नाही. मी गहू खाऊ शकत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. गहू सोडून मला काहीही चालतं. पण नाचणीची भाकरी, आईच्या हातची बिनहिंगाची आमटी आणि जयसिंग यांच्यावाचून माझी तब्येत बरी राहत नाही, असं इथे आल्यावर लक्षात आलं आहे. माझे वडील आधी दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी क्लाराचं वासरू लग्नाची भेट म्हणून माझ्या नावाने ठेवलं. तुमच्या रोजच्या जेवणात मी कुठे बसते, तेवढं मला सांगा."

जयसिंगला पुढची सही वाचता आली नाही. हैबतराव बराच वेळ मिश्यांवरून हात फिरवत राहिले. "परमुलखातली हाय," ते म्हणाले. "लोक बोलतील." मग जरा थांबून, "पर हात चांगला हाय."

"लिव्ह तिला," रत्नाबाई म्हणाली. "म्हनावं, माझ्या शेजारी बसती."

माघात लग्न झालं. त्या मुलखात लग्नाच्या पंगतीत लापशी नाही म्हणजे लग्नच नाही, आणि लापशी होते गव्हाची. रत्नाबाईने मांडवात गव्हाचा एक दाणा शिजू दिला नाही. तिने गूळ-खोबऱ्याचा आंबेमोहोर भात केला आणि पाचशे माणसांना नाचणीच्या काळ्या, कडेला चिरलेल्या भाकऱ्या वाढल्या.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. शेवटी धोंडाबाईने विचारलंच, "रत्ना, एकुलता एक लेक तुझा. आन् पावण्यास्नी भाकर? अब्रू कुटं ठिवलीस?"

रत्नाबाई वाढत-वाढत पुढे आली. नवरी पाटावर बसली होती, केसांत अजून तांदळाचे दाणे अडकलेले. जयसिंग तिच्या शेजारी होता. रत्नाबाईने स्वतःच्या हाताने भाकरी मोडली. ती कट्‌कन तुटली. पहिला तुकडा तिने सुनेच्या ताटात ठेवला.

"माझ्या सुनंनं आज कुटल्याबी ताटातलं खावं," ती म्हणाली, "आन् कुनाला इच्यारायला लागू नये. हीच माझी अब्रू."